ताईच्या लग्नाचे आभार : घाईतल्या टिपणावरून संदेश कसा लिहाल?

लग्नसराई उतरणीला लागली की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बहुधा नवरीच्या धाकट्या बहिणीचा असतो. ताईची पाठवणी झालेली असते, आई-बाबा दमून गेलेले असतात आणि पाहुण्यांना आभाराचा संदेश ‘तूच लिही’ म्हणून हे काम तिच्यावर येतं. हाताशी असतं ते फोनमध्ये धावपळीत लिहून ठेवलेलं टिपण. काही जणी तेच थोडं सावरून पाठवतात आणि कुणी ना कुणी दुखावतं. काही जणी ते बाजूला ठेवून कुठला तरी तयार मजकूर उचलतात आणि तो वाचणाऱ्याला आपल्याबद्दलचा वाटतच नाही.

टिपण टाकून देऊ नका. करवली म्हणून तुम्ही दिवसभर सगळीकडे होतात, त्यामुळे आई-बाबांनी न पाहिलेल्या कितीतरी गोष्टी त्यात आहेत. फक्त त्यातलं काय सर्वांना सांगायचं, काय एकालाच आणि काय कुणालाच नाही, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरलं की संदेश लिहायला फार वेळ लागत नाही.

आधी टिपण जसं आहे तसं समोर घ्या

नमुन्यादाखल एक टिपण घेऊ. मे महिना, सांगली, लॉनवर मांडव आणि शेजारी हॉल, गोरज मुहूर्त, दुसऱ्या दिवशी स्वागत समारंभ.

- सगळ्यांना थँक्स, लांबून आले. इंदूर, बेळगाव, हैदराबाद
- वळीव!! ५ वाजता. मांडव भिजला, सगळं हॉलमध्ये. खुर्च्या पोरांनी उचलल्या
- अक्षतांची ताटं बायकांनी पदराखाली धरली
- मुहूर्त चुकला नाही
- रात्री दुसरी पंगत १ तास उशिरा. केटररची चूक
- आत्या रागावली? बाबांना सांगायचं
- रुखवत: मावशी आणि शेजारच्या काकू, रात्री २ पर्यंत
- आजी नाही आली (पाय). व्हिडिओ कॉलवर रडली
- आहेर नको छापलं होतं तरी पाकिटं. एकावर नाव नाही
- कुणाचा तरी चष्मा राहिलाय
- बाबांचं ऑफिस फक्त रिसेप्शनला
- ताई-भावजी महाबळेश्वर, ४ तारखेला परत
- फोटो नंतर
- कोणी राहिलं असेल तर सॉरी

हे टिपण पुसू नका किंवा त्यावरच खाडाखोड करू नका. त्याची प्रत काढा आणि बदल प्रतीवर करा. पुढे एखाद्या काकूंना वेगळं लिहायचं झालं की मूळ ओळच उपयोगी पडते.

प्रत्येक ओळीची वाटणी करा

प्रत्येक ओळीपुढे चारपैकी एक खूण करा.

- सगळ्यांसाठी: वळीव, हॉलमध्ये हललेला मांडव, पदराखालच्या अक्षता, साधलेला मुहूर्त, उशिराची पंगत.
- एकाच माणसासाठी: रुखवत, खुर्च्या उचलणारी मुलं, आजी, लांबून आलेली मंडळी.
- घरातलंच: आत्याचा राग, केटररची चूक, नाव नसलेलं पाकीट, महाबळेश्वर.
- वेगळ्या कामाचं: चष्मा, फोटो.

चष्म्याची चौकशी आभाराच्या संदेशात घुसली की उत्तरं चष्म्याचीच येतात. ती दुसऱ्या दिवशी एका ओळीत वेगळी विचारा. आत्याचा राग कुठल्याच लेखी संदेशाने जाणार नाही. त्यासाठी बाबांनी फोन करायचा किंवा घरी जायचं. मानपानात खरंच काही राहिलं असेल, तर ते भावाने बहिणीशी बोलूनच मिटतं. भाचीने लिहिलेली गोड ओळ तिथे उलट टोचते.

सर्वांच्या संदेशात कामांची नावं घ्या, माणसांची नाही

जास्तीत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

टिपणात ‘मावशी आणि शेजारच्या काकू’ असं लिहिलेलं असतं. मनात कृतज्ञता असते, म्हणून हात आपोआप त्यांची नावं सर्वांच्या संदेशात घालतो. मग मामांचं नाव घालावं लागतं, कारण मुहूर्ताला नवरीला हात धरून त्यांनी आणलं. मामा आले की मामी येतात, मग मोठे काका, कारण वऱ्हाडासाठी गाडी त्यांची होती. यादी वाढत जाते आणि ती जितकी लांब होते तितकं तिच्यात नसणं जास्त खुपतं. तीन नावं असती तर उरलेल्यांना काही वाटलं नसतं. अठरा नावं असली की एकोणिसाव्याला आपण वगळले गेलो असं वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

उलट नावं गाळून नुसतं ‘सर्वांनी सहकार्य केलं’ असं लिहिलं, तर ते कुठल्याही लग्नाला लागू पडतं. यातून वाट काढायची तर कामं लिहा, तीही डोळ्यांना दिसतील अशी. ‘कुणी खुर्च्या उचलल्या, कुणी अक्षतांची ताटं पदराखाली कोरडी ठेवली’ असं वाचलं की ज्याने ते केलं तो स्वतःला ओळखतो. ज्याने केलं नाही त्याला वगळल्यासारखं वाटत नाही, कारण तोही तिथे होता आणि त्यानेही ते पाहिलं. नावं घेणं टाळायचं नाही, ती फक्त स्वतंत्र संदेशात न्यायची. त्याकडे पुढे येऊ.

आता याच टिपणात आणखी काही ठिकाणी पाय घसरतो.

कुणाच्या वतीने? संदेश तुम्ही लिहीत असलात तरी निमंत्रण आई-बाबांचं होतं. म्हणून ‘आई-बाबांच्या आणि आम्हा सर्वांच्या वतीने’ हे एकदा स्पष्ट लिहा आणि नंतर ‘आम्ही’ सोडू नका. अर्ध्या संदेशात ‘मी’ आणि अर्ध्यात ‘आम्ही’ झालं की माफी नेमकी कोण मागतंय ते कळत नाही. ‘ताई’ मात्र ताईच राहू द्या. पत्रिकेच्या मजकुरातलं ‘चि. सौ. कां.’ इथे आणू नका. हा संदेश बहिणीचा आहे हे त्या एका शब्दातून कळतं.

सगळे सोहळे मोजू नका. ‘हळदीपासून पाठवणीपर्यंत तुम्ही सोबत होतात’ ही ओळ सुरेख वाटते, पण बाबांच्या ऑफिसमधली मंडळी फक्त स्वागत समारंभाला बोलावलेली होती. ती ओळ वाचून हळदीला आपल्याला बोलावलं नव्हतं हेच त्यांना कळतं. जो ज्या कार्याला आला तेवढ्याचाच उल्लेख करा. त्यामुळे साधारणपणे दोन मजकूर लागतात, एक लग्नाला आलेल्यांसाठी आणि एक फक्त स्वागत समारंभाला आलेल्यांसाठी. दुसऱ्यात वळीवही नको आणि पंगतही नको.

आहेराचा उल्लेख गाळा. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं होतं. काहींनी ते मानलं, काहींनी तरीही पाकीट दिलं. सर्वांच्या संदेशात ‘भेटवस्तूंबद्दल आभार’ लिहिलं की ज्यांनी तुमचा शब्द पाळला ते अवघडतात. पाकीट देणाऱ्यांचे आभार ज्याचे त्याला माना आणि तिथेही रक्कम लिहू नका. नाव नसलेल्या पाकिटाची चौकशी तर ग्रुपवर चुकूनही नको. ते यादीत ‘नाव नाही’ म्हणून नोंदवा.

माफी नेमकी मागा, आणि एकदाच. ‘काही चुकलं-माकलं असल्यास क्षमा असावी’ ही ओळ सवयीने लिहिली जाते आणि सवयीनेच वाचली जाते. दुसऱ्या पंगतीतले वडीलधारे रात्री तासभर ताटकळले, हे मात्र सगळ्या हॉलने पाहिलं. त्याबद्दल स्पष्ट लिहा. कारण देऊ नका आणि केटररचं नाव काढू नका. पाहुणे तुमच्याकडे आले होते, त्याच्याकडे नाही. गैरसोय दोन-चार जणांचीच झाली असेल, तर मात्र सर्वांना सांगण्याऐवजी त्या दोन-चार जणांना फोन करा.

‘सॉरी, कोणी राहिलं असेल तर’ ही ओळही काढून टाका. आमंत्रण द्यायचं राहून गेलेला माणूस हा संदेश वाचणारच नाही, आणि वाचलाच तर एवढ्यावर त्याचं समाधान होणार नाही.

टिपणातली ओळ संदेशात कशी येते

पहिल्या प्रयत्नात बहुतेकींकडून असं काहीतरी लिहिलं जातं: ‘आपण सर्वांनी आपल्या व्यस्त दिनक्रमातून अमूल्य वेळ काढून, पावसाची तमा न बाळगता, आमच्या आनंदात सहभागी होऊन सोहळ्याची शोभा वाढवलीत, त्याबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत.’ यात खोटं काही नाही, पण सांगलीचं ते लग्नही नाही. टिपणातल्या ‘५ वाजता’, ‘खुर्च्या’, ‘पदराखाली’ या शब्दांत जे होतं ते या वाक्यात कुठेच उरलेलं नाही. तेच शब्द परत आणा आणि वाक्यं लहान करा.

लग्नाला आलेल्यांसाठीचा मजकूर असा होऊ शकेल:

> सप्रेम नमस्कार.
>
> ताईच्या लग्नाला तुम्ही आलात, त्याबद्दल आई-बाबांच्या आणि आम्हा सर्वांच्या वतीने मनापासून आभार.
>
> संध्याकाळी पाच वाजता वळीव आला आणि मांडव भिजला. तेव्हा कुणी खुर्च्या उचलून हॉलमध्ये मांडल्या, कुणी आजी-आजोबांना हात धरून आत नेलं, कुणी अक्षतांची ताटं पदराखाली कोरडी ठेवली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. म्हणूनच गोरज मुहूर्त साधला.
>
> रात्रीची दुसरी पंगत तासभर उशिरा बसली. ज्यांना ताटकळावं लागलं त्यांची आम्ही मनापासून माफी मागतो.
>
> ताई आणि भावजींनी तुम्हा सगळ्यांना नमस्कार सांगितला आहे.
>
> तुमची,
> (तुमचं नाव)

आभार पहिल्याच वाक्यात आले आहेत, ते मुद्दाम. मोठा संदेश व्हॉट्सॲप अर्धवट दाखवतं आणि उरलेला उघडून वाचावा लागतो. तो उघडला नाही तरी मुख्य गोष्ट पोचली पाहिजे. ‘आजी-आजोबांना हात धरून आत नेलं’ हे मूळ टिपणात नव्हतं, लिहिताना आठवलं. असं आठवलेलं जरूर घाला, पण ते खरंच घडलं का हे घरात एकाला विचारून घ्या. तिथे हजर असलेली माणसं वाचणार आहेत, त्यांना न घडलेलं लगेच कळतं.

स्वागत समारंभाच्या मंडळींना तीन ओळी पुरतात:

> सप्रेम नमस्कार. ताई आणि भावजींच्या स्वागत समारंभाला तुम्ही आलात, बाबांना फार आनंद झाला. ‘आमचं सगळं ऑफिस आलं होतं’ असं ते घरी आल्यावर पुन्हा पुन्हा सांगत होते. आम्हा सर्वांच्या वतीने मनापासून आभार.

बाबांचं ते वाक्य त्यांनी खरोखर म्हटलं असेल तरच लिहा. दुसरं काही म्हटलं असेल तर ते लिहा.

नावं घ्यायची ती इथे

सर्वांचा संदेश जाण्याआधी स्वतंत्र संदेश पाठवा. क्रम उलटला, तर रात्री दोनपर्यंत रुखवत मांडणाऱ्या काकूंना आधी सगळ्यांना गेलेला मजकूर मिळतो आणि मग मागून त्यांच्या नावाचा.

जवळच्या माणसांना ‘आभारी आहे’ हे शब्द परके वाटतात. ‘आभार कसले मानतेस?’ हे उत्तर ठरलेलं. त्यांनी काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच लिहिलं तरी काम होतं. ज्याच्याशी तोंडी जसं बोलता तसंच लिहा. मावशीला एरवी ‘अगं’ म्हणत असाल तर संदेशात ‘आपण’ म्हणू नका, आणि शेजारच्या काकूंना ‘अहो’ म्हणत असाल तर उत्साहात ‘तू’ वर येऊ नका.

> काकू, रुखवतातली तुमची साखरेची तुळस पाहायला भावजींच्या आई दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा त्यांच्या जाऊबाईंना घेऊन आल्या. तुम्ही आणि मावशी रात्री दोनला घरी गेलात आणि सकाळी सातला परत हजर होतात, हे ताईला मी सांगितलंय. ती आली की तुमच्याकडे येणार आहे.

खुर्च्या उचलणाऱ्या चुलत-मावस भावंडांना एकत्र, त्यांच्याच ग्रुपवर लिहायला हरकत नाही, कारण काम त्यांनी एकत्र केलं. तिथे मात्र एकही नाव सुटू देऊ नका. कोण कोण होतं हे त्यांच्यातल्याच एकाला विचारून घ्या.

आजीसारखी येऊ न शकलेली माणसं वेगळी. त्यांना ‘तुम्ही आलात’ हा संदेश चुकून जाता कामा नये. आजीला फोन करा आणि हे सगळं सांगा. गावाकडचे आजोबा फोनवर नीट ऐकू शकत नसतील तर हाताने पत्र लिहा. वर ‘ती. आजोबांस शिरसाष्टांग नमस्कार’ लिहून खाली वळिवाची हकिगत सांगा. संदेश दिवसभरात खाली जातो, पत्र ते जपून ठेवतील.

सासरच्या मंडळींना पहिला शब्द आई-बाबांचा जाऊ द्या. तुम्ही भावजींच्या बहिणीला लिहू शकता, बरोबरीच्या नात्याने. ‘आमच्या ताईला सांभाळून घ्या, तिचं काही चुकलं तर पदरात घ्या’ ही ओळ मात्र घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आभाराच्या संदेशात ताईच्या वतीने, तिला न विचारता, आगाऊ माफी मागायचं काहीच कारण नाही.

ताईला विचारल्याशिवाय काय लिहायचं नाही

- तिचं नाव. लग्नानंतर ती कुठलं नाव आणि आडनाव लावणार, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. विवाहानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. विचारणं झालं नसेल तर नुसतं ‘ताई’ लिहा.
- पत्ता, नवा नंबर आणि प्रवास. ‘दोघं महाबळेश्वरला गेलीत, ४ तारखेला येतील’ हा मजकूर शेकडो फोनवर जातो आणि घर कधीपर्यंत बंद आहे तेही त्यातून कळतं.
- फोटो. पाठवणीत रडणाऱ्या आईचा किंवा जेवणाऱ्या पाहुण्यांचा फोटो त्यांना न विचारता जोडू नका. लहान मुलांचा असेल तर त्यांच्या आई-वडिलांना विचारा. कुणी ‘माझा फोटो काढून टाक’ म्हटलं तर कारण न विचारता काढा.

फोटो येईपर्यंत संदेश थांबवूही नका. फोटोग्राफरकडून फोटो यायला कित्येक आठवडे लागतात, तोवर वळीव आणि खुर्च्या सगळेच विसरलेले असतात. पाठवणीनंतर आठवड्याभरात पाठवा आणि फोटोंबद्दल काही कबूल करू नका.

आहेराची यादी हाताशी ठेवा

स्वतंत्र आभार मानताना कुणी काय दिलं हे स्मरणावर सोडू नका. ही यादी तशीही करायची असते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आणि त्याखालचे भेटवस्तूंच्या यादीचे नियम १९८५ चे. मागणी न करता लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंना कायद्याची मनाई नाही, मात्र त्यांची लेखी यादी ठेवावी लागते. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने आणि वराला मिळालेल्यांची वराने ठेवायची. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि त्याचं वधूवरांशी नातं असेल तर ते, एवढं लिहून दोन्ही याद्यांवर दोघांनी सह्या करायच्या.

पाकिटं उघडताना एकीने वाचायचं आणि दुसरीने लिहायचं. ताई परत आली की यादीवरची ताईची सही आधी, आवराआवर नंतर. ही यादी घरातच ठेवायची. तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला की कुणी किती दिलं याची तुलना सुरू होते.

पाठवताना

संदेश तयार झाला की एकदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो ते वाक्य तोडा. मग आईला वाचून दाखवा, कारण कुणाचं कुणाशी काय आहे हे तिलाच ठाऊक असतं.

पाहुण्यांचा नवा ग्रुप करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि दिवसभर हात जोडलेली चित्रं येत राहतात. व्हॉट्सॲपवरची ब्रॉडकास्ट यादी बरी, त्यात प्रत्येकाला संदेश वेगळा मिळतो. मात्र एक अडचण पुष्कळ जणींना माहीत नसते. तुमचा नंबर ज्याने स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला आहे, त्यालाच असा संदेश पोचतो. बाबांच्या मित्रांकडे तुमचा नंबर बहुधा नसतो. तुमच्याकडून संदेश गेलेला दिसतो, त्यांना तो कधीच मिळत नाही, आणि ‘लग्न झालं, साधे आभारही नाहीत’ अशी चर्चा होते. म्हणून बाबांच्या ओळखीच्यांना बाबांच्या फोनवरून, आईच्या माहेरच्यांना आईच्या फोनवरून आणि ताईच्या मैत्रिणींना तुमच्या फोनवरून पाठवा. एका यादीत २५६ जणच बसतात, त्यामुळे अशी वाटणी केलेली सोयीचीही पडते. यादी पत्रिकांच्या वहीवरून करा, पण वहीत नाव असूनही न आलेल्यांवर आधी खूण करा.

गुरुजी, कार्यालयाचे व्यवस्थापक, वाढपी यांनाही दोन शब्द पोचवा. पावसात चुली हलवून रात्री जेवण देणाऱ्या माणसांना सहसा कुणी काही लिहीत नाही. आधी त्यांचा हिशोब पुरा करा आणि मग लिहा.

तरीही कुणी राहिलं तर

कुणाला संदेश मिळाला नाही असं चार दिवसांनी कळलं, तर तोच मजकूर उशिरा पुढे ढकलू नका. फोन करा. बोलणं झाल्यावर लिहायचंच असेल तर उशिराची कारणं न देता त्या माणसाबद्दल लिहा: ‘काका, तुम्ही हैदराबादहून रात्रभर प्रवास करून आलात आणि बॅग ठेवून थेट मांडवात गेलात. बाबांनी तुम्हाला पाहिलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.’ सर्वांच्या मजकुरात नसलेलं असं काहीतरी त्यात असलं, तर उशीर झाला तरी चालतो.